‘द’च्या आधीचे वाक्य: चिनी विशेषणवाक्यांचा मराठी अनुवाद कसा करावा

चिनी भाषा शिकून वर्ष-दोन वर्षे झालेल्या आणि पहिल्यांदाच अनुवादाला बसलेल्या व्यक्तीला शब्द फारसे अडवत नाहीत, कारण शब्दकोश हाताशी असतो. तिला अडवते ते नामाच्या आधी येऊन बसलेले अख्खे वाक्य. चिनीमध्ये ‘मी काल घेतले ते पुस्तक’ हे ‘वो झुओथिएन माय द शू’ असे म्हटले जाते. त्यात ‘वो’ म्हणजे मी, ‘झुओथिएन’ म्हणजे काल, ‘माय’ म्हणजे विकत घेणे आणि ‘शू’ म्हणजे पुस्तक. मधला छोटासा ‘द’ एवढेच सांगतो की त्याच्या आधीचा मजकूर पुढच्या नामाचे वर्णन करतो आहे. जो, जी, जे असे संबंधी सर्वनाम चिनीत नाही, आणि वर्णन कितीही लांबले तरी ते नामाच्या आधीच राहते. (या लेखातील चिनी उदाहरणे देवनागरीत, सुरांच्या खुणा न देता लिहिली आहेत.)

इंग्रजीत अनुवाद करणाऱ्याला हे वर्णन उचलून नामाच्या नंतर न्यावेच लागते, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून सावध असतो. मराठीत अनुवाद करणाऱ्याची अडचण याच्या उलट आहे. आपल्याकडे ‘काल घेतलेले पुस्तक’ असे वर्णन नामाआधी सहज बसते, म्हणून चिनी रचना आहे तशी ठेवण्याचा मोह होतो. व्याकरण कुठेच मोडत नाही, आणि तरीही दोन पाने वाचून झाल्यावर वाचकाला धाप लागते. वर्णन कधी जागेवर ठेवावे आणि कधी हलवावे, हे ठरवण्याची एक पद्धत पुढे दिली आहे. तिची सुरुवात अनुवादाने होत नाही, वाचनाने होते.

पहिली पायरी: कंस घाला

चिनी वाक्य हाती आले की आधी ‘द’ शोधावा आणि त्याच्या लगेच पुढचे नाम अधोरेखित करावे. विशेषणवाक्य कुठे संपते हे ‘द’ नेमके दाखवतो. ते कुठे सुरू होते हे मात्र कोणीच दाखवत नाही, आणि नवख्यांच्या बहुतेक चुका याच टोकाला होतात. चिनी व्याकरणाच्या वर्गांत यासाठी एक ठरलेले उदाहरण देतात: ‘याओ-स लिएरन द गोउ’. ‘याओ-स’ म्हणजे चावून ठार करणे, ‘लिएरन’ म्हणजे शिकारी आणि ‘गोउ’ म्हणजे कुत्रा. कंस ‘याओ-स लिएरन’भोवती घातला, तर अर्थ होतो ‘शिकाऱ्याला चावून ठार करणारा कुत्रा’. कंस फक्त ‘लिएरन’भोवती घातला, तर ‘द’ हा साधा षष्ठीचा प्रत्यय ठरतो आणि अर्थ होतो ‘शिकाऱ्याच्या कुत्र्याला चावून ठार करणे’. एकात शिकारी मेला, दुसऱ्यात कुत्रा मेला, आणि अक्षर एकही बदललेले नाही.

अशा वेळी गणकशब्दाची मदत होते. चिनीत ‘तो कुत्रा’ म्हणताना ‘तो’ या अर्थाचा दर्शक ‘ना’ आणि ‘कुत्रा’ यांच्यामध्ये प्राण्यांसाठीचा ‘झ’ हा शब्द घालावा लागतो, तर माणसाचा आदराने उल्लेख करताना तिथे ‘वेई’ येतो. वाक्य ‘ना-झ याओ-स लिएरन द गोउ’ असे असेल, तर ‘ना-झ’ नंतर प्राण्याचे नाम यायला हवे. प्रत्यक्षात पुढे क्रियापद आले आहे. याचा अर्थ मधे विशेषणवाक्य घुसले आहे आणि ‘ना-झ’ची जोडी थेट शेवटच्या ‘गोउ’शी जुळते. दर्शक आणि गणकशब्द आले, पण त्यांना साजेसे नाम लगेच आले नाही, तर कंस तिथेच उघडावा. दर्शक विशेषणवाक्याच्या नंतर, नामाला चिकटूनही येऊ शकतो. तेव्हा ही खूण मिळत नाही आणि आजूबाजूच्या वाक्यांवरूनच निर्णय करावा लागतो.

प्रत्येक ‘द’ विशेषणवाक्याचा नसतो, हेही याच टप्प्यावर तपासावे. ‘वो द शू’ म्हणजे नुसते ‘माझे पुस्तक’. कधी ‘द’ नंतर नामच नसते: ‘माय त्साय द’ म्हणजे शब्दशः ‘भाजी विकणारा’, पण मराठी लेखणीतून तिथे ‘भाजीवाला’ उतरला पाहिजे. (या वाक्यातला ‘माय’ म्हणजे विकणे आणि वरचा ‘माय’ म्हणजे विकत घेणे. दोघांत फरक फक्त सुराचा आहे, आणि देवनागरीत सूर दिसत नाही याची ही शिक्षा.)

दुसरी पायरी: रिकामी जागा शोधा

कंस घालून झाला की कंसातल्या क्रियापदाला कोण हवे आहे आणि त्यातले कोण गैरहजर आहे, हे विचारावे. ‘बांग-गुओ लाओशी द श्युएशेंग’ यात ‘बांग’ म्हणजे मदत करणे, ‘लाओशी’ म्हणजे शिक्षक, ‘श्युएशेंग’ म्हणजे विद्यार्थी, आणि ‘गुओ’ने ही गोष्ट पूर्वी घडून गेल्याचे कळते. शिक्षक क्रियापदाच्या नंतर आहेत, म्हणजे ते कर्म. क्रियापदाच्या आधीची जागा रिकामी आहे, म्हणजे विद्यार्थी कर्ता: ‘शिक्षकांना मदत केलेला विद्यार्थी’. आता ‘लाओशी बांग-गुओ द श्युएशेंग’ घेतले, तर शिक्षक आधी आले आणि रिकामी जागा क्रियापदानंतर गेली: ‘शिक्षकांनी मदत केलेला विद्यार्थी’. चिनीत जे काम शब्दांचा क्रम करतो, ते मराठीत ‘ना’ आणि ‘नी’ एवढ्याच फरकावर उभे आहे. टंकलेखनात एक अक्षर चुकले की कोणी कोणाला मदत केली हे उलटे होते, म्हणून मुद्रितशोधनात अशी वाक्ये मूळ मजकुराशी पुन्हा ताडून पाहावीत.

काही वेळा रिकामी जागाच सापडत नाही. ‘छाओ त्साय द वेईदाओ’ म्हणजे ‘भाजी परतणे’ अधिक ‘वास’. परतण्याच्या क्रियेत वास हा कर्ता नाही आणि कर्मही नाही. त्या क्रियेतून तो निर्माण होतो, इतकेच. इथे ‘भाजी परतणारा वास’ असे लिहिणारे मी पाहिले आहेत. मराठीत यासाठी सुरेख सोय आहे: ‘भाजी परतल्याचा वास’, आणि ‘गाण्याचा आवाज’ या अर्थाच्या चिनी रचनेसाठी ‘तो गातानाचा आवाज’. रिकामी जागा मिळाली नाही की ‘णारा’ आणि ‘लेला’ बाजूला ठेवून ‘ल्याचा’, ‘तानाचा’ किंवा ‘ण्याचा’ करून पाहावे.

तिसरी पायरी: काळ ठरवा

चिनी क्रियापदाला काळाचा प्रत्यय लागत नाही. ‘लाय द रन’ म्हणजे ‘येणे’ अधिक ‘माणसे’. मराठीत लिहायला बसले की लगेच निवड करावी लागते: आलेली माणसे, येणारी माणसे, की येत असलेली माणसे? आधी ‘झुओथिएन’ म्हणजे काल असेल, तर ‘आलेली’ लिहावे. ‘मिंगथिएन’ म्हणजे उद्या किंवा ‘मेईथिएन’ म्हणजे दररोज असेल, तर ‘येणारी’ लिहावे. कालवाचक शब्द नसेल, तर मुख्य वाक्याचा प्रसंग पाहिल्याशिवाय प्रत्यय लावू नये.

मी हे एका यंत्राच्या देखभाल-पुस्तिकेवर काम करताना शिकलो. तिथे ‘गंगह्वान द लिंगजिएन’ असे होते, म्हणजे ‘बदलणे’ अधिक ‘सुटे भाग’. मी सगळीकडे ‘बदललेले भाग’ लिहून मोकळा झालो. पण एका तक्त्यात ती अजून बदलायच्या भागांची यादी होती, आणि कारखान्यातल्या फिटरने ते काम झालेले आहे असे समजून तो तक्ता बाजूला ठेवला. चूक वेळेत सापडली, नुकसान झाले नाही. तेव्हापासून मी अशा जागी ‘बदलायचे भाग’ की ‘बदललेले भाग’ हे तक्त्याच्या शीर्षकावरून ठरवतो. शिवाय ‘बदललेला भाग’ हा शब्दप्रयोग मराठीतही दुटप्पी आहे, कारण त्यातून काढून टाकलेला जुना भाग आणि बसवलेला नवा भाग असे दोन्ही अर्थ निघतात. चिनी लेखक काळजीपूर्वक लिहीत असेल, तर तो काढलेल्या भागासाठी ‘ह्वान-शियालाय’ आणि बसवलेल्यासाठी ‘ह्वान-शांग’ असे लिहून दिशा दाखवतो. आपणही सरळ ‘काढलेला जुना भाग’ आणि ‘बसवलेला नवा भाग’ असे लिहावे.

चौथी पायरी: मराठी साचा निवडा

मराठीत तीन साचे हाताशी असतात. पहिला धातुसाधिताचा: ‘काल घेतलेले पुस्तक’. दुसरा आपण बोलताना सतत वापरतो, पण लिहिताना विसरतो: ‘मी काल घेतले ते पुस्तक’. यात पूर्ण क्रियापद राहते, काळ स्पष्ट होतो, आणि ‘ते’ हा शब्द जवळपास चिनी ‘द’च्या जागी उभा राहतो. तिसरा जोडवाक्याचा: ‘जे पुस्तक मी काल घेतले, ते’.

वर्णन चार-पाच शब्दांत मावत असेल, तर पहिला साचा घ्यावा. त्याची मर्यादा ही की नामाला लागणारे ‘वर’, ‘शी’, ‘साठी’, ‘पासून’ हे शब्द त्यात गळून पडतात. ‘ज्या विद्यार्थ्यावर शिक्षकांनी टीका केली तो’ याचे ‘शिक्षकांनी टीका केलेला विद्यार्थी’ केले की ‘वर’ हरवतो आणि वाचक क्षणभर अडखळतो. चिनीत हे नाते मुळात शब्दाने दाखवलेले नसते, म्हणून अनुवादकाला तूट जाणवत नाही, पण वाचकाला ती जाणवते. असा शब्द लागतो आहे असे दिसले की तिसरा साचा घ्यावा. वर्णनात स्वतंत्र कर्ता असेल आणि काळ महत्त्वाचा असेल, तर दुसरा साचा सर्वांत मोकळा वाटतो.

चौथा साचाही लोक वापरतात: ‘ते पुस्तक, जे मी काल घेतले’, आणि त्याहून पुढे जाऊन ‘जे की’. इंग्रजीची ही सावली चिनीवरून केलेल्या अनुवादात पडावी याचे मला आश्चर्य वाटते. याचे कारण बहुधा असे की अनुवादक मनातल्या मनात आधी इंग्रजी करतो आणि मग मराठी. मूळ भाषा आणि आपली भाषा या दोघींनाही वर्णन आधी ठेवणे मानवते, तर मधल्या तिसरीची सवय कशाला आणायची?

एक वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता बातमीच्या धर्तीवर रचलेले हे वाक्य पाहू:

‘जिंगफांग झुओथिएन झाओदाओ-ल शांग-ग-युए झाय हुओछ-झान दिउशी हुझाओ द ना-वेई यिन्दू यौख झू-गुओ द ल्यूग्वान.’

शब्दांच्या क्रमाने अर्थ असा: पोलीस, काल, शोधून काढले, मागच्या महिन्यात, रेल्वे स्थानकावर, हरवणे, पासपोर्ट, द, तो, भारतीय, पर्यटक, राहिला होता, द, हॉटेल.

डावीकडून वाचत गेल्यास पहिल्या ‘द’नंतर ‘तो भारतीय पर्यटक’ येतो आणि वाटते की पोलिसांना पर्यटक सापडला. वाक्य तिथे संपले असते, तर तोच अर्थ खरा ठरला असता. पण पुढे ‘झू-गुओ द ल्यूग्वान’ येते, आणि आतापर्यंत वाचलेले सगळे हॉटेलचे वर्णन होऊन बसते. म्हणजे कंस दोन आहेत, एकात एक. आतला ‘मागच्या महिन्यात रेल्वे स्थानकावर पासपोर्ट हरवलेला’, त्याचे नाम पर्यटक. बाहेरचा ‘तो पर्यटक राहिला होता ते’, त्याचे नाम हॉटेल. पूर्णविरामापर्यंत पोचल्याशिवाय अनुवाद सुरू करू नये, हे म्हणण्याचे कारण हेच.

जागा न हलवता केलेला अनुवाद असा होईल: ‘मागच्या महिन्यात रेल्वे स्थानकावर पासपोर्ट हरवलेल्या त्या भारतीय पर्यटकाने मुक्काम केलेले हॉटेल काल पोलिसांनी शोधून काढले.’ चुकीचे काहीच नाही. पर्यटकाला ‘ने’ लागल्यामुळे चिनी वाचकाची झाली तशी फसगतही मराठी वाचकाची होत नाही. पण एक गोष्ट बदलली आहे. चिनीत ‘पोलिसांनी शोधून काढले’ हे आधीच सांगून झाले आहे आणि मग लांबलचक वर्णन येते. मराठीत मुख्य क्रियापद शेवटी, म्हणून वाचक तेवढेच वर्णन कोणत्याही आधाराविना डोक्यात धरून ठेवतो. एकाच लांबीचे वर्णन कर्माला लागले, तर ते मराठीत चिनीपेक्षा जड होते. कर्त्याला लागले, तर दोन्हीकडे भार सारखाच असतो. म्हणूनच लांब वर्णन कोणाला लागले आहे हे मी आधी पाहतो आणि कर्माचे असेल तर फोडण्याच्या तयारीने बसतो.

दोन कंस आणि दोन ‘लेला’ अशी साखळी झाली की एक कडी बदलायची: ‘मागच्या महिन्यात रेल्वे स्थानकावर पासपोर्ट हरवलेला तो भारतीय पर्यटक ज्या हॉटेलात उतरला होता, ते काल पोलिसांनी शोधून काढले.’ आतले वर्णन पहिल्या साच्यात राहिले, बाहेरचे तिसऱ्या साच्यात गेले, आणि वाचकाला मधे एक स्वल्पविराम मिळाला. ‘मुक्काम केलेले’ ऐवजी ‘उतरला होता’ असे घरगुती क्रियापदही परत आले.

‘काल’ कुठे ठेवला आहे तेही पाहावे. चिनी क्रमाचे अनुकरण करून तो सुरुवातीला नेला, तर ‘काल मागच्या महिन्यात’ अशी टक्कर होते, आणि आत दुसरा कालवाचक शब्द नसता तर पर्यटकच काल उतरला असे वाचले गेले असते. मुख्य वाक्याचे क्रियाविशेषण मुख्य क्रियापदाजवळ ठेवावे.

वाक्य दोन भागांत तोडायचे असेल, तर ‘ना-वेई’कडे दुर्लक्ष करू नये. ‘एका भारतीय पर्यटकाचा पासपोर्ट मागच्या महिन्यात हरवला होता’ अशी सुरुवात वाचायला सोपी आहे, पण मूळ लेखक ‘तो पर्यटक’ म्हणतो, म्हणजे वाचकाला हे प्रकरण ठाऊक आहे असे तो धरून चालला आहे. ‘एका’ लिहून आपण जुनी बातमी नवी करतो. ‘मागच्या महिन्यात पासपोर्ट हरवलेल्या त्या भारतीय पर्यटकाचा माग काढताना’ अशी सुरुवातही करू नये, कारण ‘माग काढताना’ हे मूळ वाक्यात नाही. आणखी एक बारकावा असा की हा पर्यटक पुरुष आहे की स्त्री हे चिनी वाक्य सांगत नाही. ‘हरवलेल्या पर्यटकाने’ या सामान्यरूपात ते झाकलेले राहते, पण ‘उतरला होता’ म्हणताच आपण बाजू घेतो. आधीच्या परिच्छेदात उत्तर असेल, तर ते शोधून मगच क्रियापद लिहावे.

इंग्रजीत हेच करताना अडचण वेगळी येते. सरळ उलटवले, तर ‘द हॉटेल व्हेअर द इंडियन टूरिस्ट हू लॉस्ट अ पासपोर्ट अॅट द रेल्वे स्टेशन लास्ट मंथ हॅड स्टेड’ असे होते. त्यात शेवटचे ‘हॅड स्टेड’ आपल्या ‘टूरिस्ट’पासून इतके दूर पडते की वाचकाला मागे जाऊन पाहावे लागते. इंग्रजी अनुवादक इथे बाहेरचा कंस आखूड करतो: ‘द हॉटेल यूज्ड बाय द इंडियन टूरिस्ट हू लॉस्ट अ पासपोर्ट अॅट द रेल्वे स्टेशन लास्ट मंथ’. आता प्रत्येक वर्णन आपल्या नामाच्या लगेच नंतर आहे आणि लांब भाग सर्वांत शेवटी गेला आहे. मराठीत आपण नेमके उलट करतो: लांब भाग आधी संपवून टाकतो आणि मुख्य गोष्ट शेवटी मोकळी ठेवतो.

वर्णन ओळख देते, की कारण सांगते?

शेवटची तपासणी साच्याची नाही, हेतूची आहे. ‘आय ह छा द येये’ म्हणजे शब्दशः ‘चहा पिण्याची आवड असलेले आजोबा’. आजोबा एकच असतील, तर हे वर्णन त्यांना इतर आजोबांपासून वेगळे काढण्यासाठी नाही, ती जाता जाता दिलेली माहिती आहे. चिनीत दोन्ही प्रकार सारखेच लिहिले जातात. इंग्रजीत हा भेद स्वल्पविरामाने दाखवतात. मराठीत मात्र ‘चहाची आवड असलेले आजोबा पाच वाजता उठतात’ असे लिहिले, तर चहा न पिणारे दुसरे आजोबा उशिरा उठत असावेत अशी शंका येते. ‘आजोबांना चहा फार आवडतो, आणि ते पाच वाजता उठतात’ असे सरळ दोन वाक्यांत सांगावे.

आधुनिक चिनी लेखनात सर्वनामालाही असे वर्णन लावतात: ‘मेई दाय सान द वो झ-हाव झाय मेनखोउ दंग’. शब्दशः ‘छत्री न आणलेला मी, दाराशी थांबण्यावाचून गत्यंतर नाही’. ‘छत्री न आणलेल्या मला दाराशी थांबावे लागले’ हे मराठी व्याकरणात बसते, पण कोणी असे बोलत नाही. इथे वर्णन ओळख देत नाही, कारण सांगते: ‘छत्री आणली नव्हती, म्हणून मला दाराशीच थांबावे लागले.’ विशेषणवाक्याच्या जागी ‘म्हणून’, ‘तरी’ किंवा ‘ल्यावर’ घालून पाहावे. वाक्याचा अर्थ अधिक उघडा झाला, तर मूळ लेखकाला तोच संबंध अभिप्रेत होता असे समजण्यास हरकत नाही. मात्र वर्णन अनेकांतून काहींना निवडून दाखवत असेल, जसे ‘छत्री न आणलेली मुले’, तर ते नामापाशीच ठेवावे, कारण तिथे ते काढले की कोणती मुले हेच कळेनासे होते.

चिनी लेखक स्वतःही या लांब वर्णनांना कंटाळतात. अखंड बडबडीसाठी ‘दिए-दिए बू-शिऊ’ असा त्यांचा एक वाक्प्रचार आहे, आणि त्यातल्या ‘दिए-दिए’च्या जागी ‘द’चेच अक्षर दोनदा लिहून ‘द’चा अतिरेक करणाऱ्यांची थट्टा केली जाते. विसाव्या शतकात युरोपीय भाषांतून झालेल्या अनुवादांमुळे चिनीतली वर्णने आणखी लांबली. तेव्हा समोरचे वाक्य फारच गुंतलेले वाटले, तर ते मुळात इंग्रजीतून चिनीत आलेले नाही ना, हे पुस्तकाच्या श्रेयपानावर पाहावे. तसे असेल, तर उपलब्ध असल्यास मूळ इंग्रजीच समोर घेऊन बसावे.